प्रॉक्सी, व्हीपीएन आणि कांदा-मार्ग : कोणापासून काय लपते?

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२००७ सालच्या ऑगस्टअखेरीस डॅन एगरस्टाड नावाच्या एका तरुण स्वीडिश संगणक-सल्लागाराने इंटरनेटवर शंभर ई-मेल खात्यांची यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक खात्यापुढे त्याचा पासवर्डही दिलेला होता. ही खाती सामान्य माणसांची नव्हती. ती निरनिराळ्या देशांच्या वकिलातींची व सरकारी कचेऱ्यांची होती आणि त्यांत भारताच्या काही वकिलाती, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी व संरक्षण संशोधन आणि विकास संघटना यांचीही खाती होती. एगरस्टाडने कोणाच्याही संगणकात घुसखोरी केली नव्हती. त्याने आपले पाच संगणक ‘टॉर’ नावाच्या जाळ्याला जोडले आणि त्यांतून जे वाहत गेले ते वाचले, एवढेच.

आता टॉर हे तर ओळख लपवण्याचे साधन म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. मग ज्या जाळ्याने लपवायचे त्याच जाळ्यातून वकिलातींचे पासवर्ड बाहेर कसे पडले? टॉर मोडले होते काय? नाही. टॉरने आपले काम चोख केले होते. परंतु ‘कोण बोलतो’ हे लपवणे आणि ‘काय बोलतो’ हे लपवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि टॉरने पत्करलेले काम पहिले होते. हा भेद स्पष्ट करण्यासाठी प्रॉक्सी, व्हीपीएन आणि कांदा-मार्ग ही तिन्ही साधने आज मी आपल्यापुढे एकामागून एक ठेवणार आहे. ‘यांतले सर्वांत सुरक्षित कोणते?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो प्रश्न अपुरा आहे. कोणापासून काय लपवायचे आहे, हे ठरवल्याखेरीज त्याला उत्तरच नाही.

प्रारंभी साधनाविना काय घडते ते पाहू. समजा, भिलाईतला एक वाचक आपल्या घरून एखादे संकेतस्थळ उघडतो. त्याची मागणी लहान लहान पुडक्यांच्या रूपाने निघते आणि प्रत्येक पुडक्यावर टपालाप्रमाणे दोन पत्ते असतात: जायचे कोठे आणि उत्तर पाठवायचे कोठे. उत्तराचा पत्ता हा त्याच्या जोडणीचा क्रमांक असतो. तो क्रमांक त्या घटकेला कोणत्या ग्राहकाकडे होता, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. म्हणजे संकेतस्थळाला क्रमांक दिसतो, कंपनीला क्रमांकामागचे नाव ठाऊक असते आणि दोन नोंदी शेजारी ठेवल्या की माणूस सापडतो.

संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात `https` ने होत असेल तर मजकूर कूटलिपीत जातो. पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट म्हणा. आतील मजकूर वाटेतल्या कोणाला वाचता येत नाही. परंतु पाकिटावरचे पत्ते उघडेच राहतात, आणि जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे नावही बहुतेक वेळा उघड्या अक्षरांत पुढे जाते. आपल्या वाचकाने कोणते वृत्तपत्र उघडले हे कंपनीला कळते. त्यातला कोणता लेख वाचला हे कळत नाही. पुढील सर्व विवेचनात ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

आता प्रॉक्सी. या शब्दाला मराठीत ‘मुखत्यार’ हा जुना शब्द मला फार जवळचा वाटतो. आपण स्वतः कचेरीत जात नाही, मुखत्याराला धाडतो. कचेरीला त्याचाच चेहरा दिसतो. ब्राउझरच्या मांडणीत प्रॉक्सीचा पत्ता घातला की ब्राउझर आपली मागणी थेट संकेतस्थळाकडे न पाठवता प्रॉक्सीकडे देतो, आणि संकेतस्थळाच्या नोंदीत प्रॉक्सीचा क्रमांक पडतो. लपते ते एवढेच, आणि तेही फक्त संकेतस्थळापासून.

कारण घरापासून मुखत्याराच्या दारापर्यंतचा रस्ता तसाच उघडा आहे. साध्या प्रॉक्सीला ‘मला अमुक ठिकाणी जोडून दे’ ही आज्ञा उघड्या अक्षरांतच जाते. कंपनीला प्रॉक्सीचा पत्ताही दिसतो आणि पुढचे ठिकाणही दिसते. खुद्द प्रॉक्सी चालवणाऱ्याला तर दोन्ही टोके समोरच दिसत असतात. पाकीट बंद नसेल तर मजकूरही. शिवाय काही मुखत्यार प्रामाणिकपणे आपल्या अशिलाचे नाव सांगून टाकतात. पाकीट उघडे असताना ते मागणीच्या मथळ्यात अशी एक ओळ जोडतात:

```
X-Forwarded-For: 203.0.113.25
```

ही ओळ म्हणजे ‘मी यांच्या वतीने आलो आहे’ असे सांगणे. कार्यालये व महाविद्यालये जे प्रॉक्सी चालवतात त्यांना हे सांगण्यात काहीच गैर वाटत नाही, कारण त्यांचे काम लपवण्याचे नसून वाटप व देखरेख करण्याचे आहे. आणखी एक गोष्ट. प्रॉक्सी सामान्यतः ज्या कार्यक्रमात नेमली त्याच्यापुरतीच असते. ब्राउझर मुखत्यारामार्फत जातो, पण त्याच संगणकावरचा ई-मेलचा कार्यक्रम आपल्या जुन्या वाटेनेच जात राहतो. फुकट प्रॉक्सींच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. त्या कोण चालवतो आणि खर्च कशातून भागवतो याचा पत्ता नसतो. आपल्याच देशात बंद असलेले पान उघडणे, एवढेच काम असेल तर प्रॉक्सी पुरते, तेही वाटेवरची कंपनी प्रॉक्सीकडची आज्ञा वाचून तीच अडवत नसेल तर. याहून जास्त अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

व्हीपीएनचा मूळ जन्म कचेऱ्यांच्या गरजेतून झाला. दूरच्या कर्मचाऱ्याला मुख्य कचेरीच्या अंतर्गत जाळ्यात सुरक्षितपणे येता यावे, हा हेतू. आज बाजारात विकले जाते ते त्याचेच रूप आहे, फक्त मुख्य कचेरीच्या जागी व्हीपीएन कंपनी बसली आहे. आपला संगणक त्या कंपनीच्या संगणकाशी एक कूटलिपीचा बोगदा बांधतो आणि संगणकातून निघणारी सगळी वाहतूक, ब्राउझरची असो की ई-मेलची, त्या बोगद्यात शिरते.

प्रॉक्सीच्या तुलनेत येथे खरी भर पडते ती घरापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, किंवा रेल्वे स्थानकावरचे फुकट वाय-फाय चालवणाऱ्याला, आता एवढेच दिसते की हा ग्राहक एका व्हीपीएनच्या पत्त्याशी बोलत आहे. किती वाजता आणि किती माल गेला-आला तेही दिसते. पुढचे ठिकाण दिसत नाही. संकेतस्थळाला व्हीपीएनचा क्रमांक दिसतो.

पण कॉम्रेड्स, बोगद्याला दुसरे तोंड असते. तेथे व्हीपीएन कंपनी बसलेली आहे. कालपर्यंत जे सर्व तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसत होते ते आज जसेच्या तसे हिला दिसते: तुमचा मूळ क्रमांक, तुम्ही कोठे गेलात, किती वेळ होतात. वर्गणी घेताना दिलेले नाव आणि बँकेचा व्यवहारही तिच्या वहीत असतो. ज्ञान नष्ट झालेले नाही, त्याने फक्त घर बदलले आहे. जाहिरातीत ‘संपूर्ण निनावीपणा’ असे शब्द दिसले की हे वाक्य आठवावे. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे आश्वासन खरे असू शकते, परंतु ग्राहकाला ते स्वतः तपासण्याचा मार्ग नाही. २०११ साली सोनी पिक्चर्सच्या संकेतस्थळावरील हल्ल्याच्या तपासात ब्रिटनमधील एका व्हीपीएन कंपनीने न्यायालयीन आदेशानंतर एका ग्राहकाच्या जोडणीची माहिती तपासयंत्रणेला दिली होती. ती कंपनी भेटींचा तपशील ठेवत नव्हती, कोणता ग्राहक केव्हा कोणत्या क्रमांकावरून जोडला गेला एवढेच ठेवत होती. तेवढे पुरले.

आपल्या देशात तर ही गोष्ट आता नियमाचीच आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने निर्देश काढले आणि त्यांत व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे खरे नाव, पत्ता, संपर्काचा तपशील, त्याला दिलेला क्रमांक व सेवा घेण्याचा हेतू ही माहिती, ग्राहकाने सेवा सोडल्यावरही, पाच वर्षे ठेवावी असे सांगितले. त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातील आपले संगणक हलवले. त्यांच्या जाहिरातीत आजही ‘भारतीय क्रमांक’ मिळतो, पण यंत्र परदेशात असते.

बोगद्याला गळतीही लागते, आणि ती ओळखता येते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधणारी एक सोय असते, तिला डीएनएस म्हणतात. दूरध्वनीच्या डिरेक्टरीसारखी ती वापरली जाते. कधीकधी संगणक सारी वाहतूक बोगद्यातून नेतो, पण डिरेक्टरीतली चौकशी मात्र जुन्या सवयीने घरच्या कंपनीकडेच करतो. मग बोगदा असूनही कंपनीला भेटींची सर्व नावे मिळतात. दुसरी गळती म्हणजे बोगदा क्षणभर तुटणे. त्या क्षणी संगणक मुकाट्याने उघड्या वाटेवर येतो आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. यावर उपाय म्हणून बोगदा तुटताच सगळी वाहतूक थांबवणारी खटकी बऱ्याच व्हीपीएनमध्ये असते; ती सुरू आहे की नाही ते पाहावे. तपासणी सोपी आहे. व्हीपीएन लावण्यापूर्वी आपला क्रमांक दाखवणारे एखादे पान उघडावे व क्रमांक लिहून ठेवावा. व्हीपीएन लावून पुन्हा पाहावा. मग डीएनएसची चाचणी घेणाऱ्या पानावर कोणाचे नाव येते ते पाहावे. तेथे आपल्याच इंटरनेट कंपनीचे नाव आले तर गळती आहे.

आता ज्याच्यासाठी आपण जमलो त्या कांदा-मार्गाकडे वळू. प्रॉक्सी आणि व्हीपीएन या दोहोंत एक समान दोष होता: ‘कोण’ आणि ‘कोठे’ या दोन्ही गोष्टी जाणणारा एक मधला इसम तेथे बसलेला असतो. असा इसमच राहू नये, ही कांदा-मार्गाची मूळ कल्पना होय. ती अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यात निघाली. गंमत अशी की केवळ नौदलाने वापरलेले निनावी जाळे निरुपयोगी ठरले असते, कारण त्यातून येणारा प्रत्येक जण नौदलाचाच हे उघड झाले असते. लपायचे तर गर्दी हवी, आणि गर्दी हवी तर जाळे सर्वांना खुले हवे. पुढे याच विचारातून टॉर हे जाळे जगापुढे आले. आज स्वयंसेवकांनी चालवलेले काही हजार संगणक त्यात आहेत. त्यांना आपण नाके म्हणू.

भिलाईतला आपला वाचक टॉर ब्राउझर उघडतो तेव्हा त्याचा संगणक तीन नाके निवडतो: प्रवेशाचा, मधला आणि निर्गमाचा. प्रथम तो प्रवेश-नाक्याशी एक गुप्त किल्ली ठरवतो. मग त्या नाक्यामार्फत मधल्याशी दुसरी किल्ली, आणि मधल्यामार्फत निर्गम-नाक्याशी तिसरी. त्यामुळे मधल्या नाक्याला कळत नाही की पलीकडचा मूळ माणूस कोण. त्याच्याकडे चौकशी आली ती प्रवेश-नाक्याकडून. तीन किल्ल्या हाती आल्यावर वाचकाचा संगणक आपली मागणी आधी निर्गमाच्या किल्लीने बंद करतो, त्यावर मधल्याच्या किल्लीचा पापुद्रा चढवतो आणि सर्वांत बाहेर प्रवेशाच्या किल्लीचा. हाच कांदा.

वाटेत प्रत्येक नाका आपला एक पापुद्रा सोलतो आणि आत फक्त पुढच्या नाक्याचा पत्ता पाहतो. प्रवेश-नाक्याला वाचकाचा क्रमांक दिसतो, पण तो कोठे चालला आहे हे दिसत नाही. मधल्याला दोन्ही बाजूंना नाकेच दिसतात. निर्गम-नाक्याला संकेतस्थळ दिसते, पण वाचक दिसत नाही. माल सारख्या आकाराच्या, ५१४ बाइटच्या पुड्या करून जातो, म्हणजे पापुद्रे गळाले तरी पुडीच्या आकारावरून अंदाज बांधता येऊ नये.

आता एगरस्टाडची जागा आपल्या लक्षात येईल. त्याचे पाचही संगणक निर्गम-नाके होते. शेवटचा पापुद्रा तेथे सोलला जातो आणि आतला मजकूर जसा मूळ निघाला तसा हाती येतो. मूळ मजकूर बंद पाकिटात असेल तर नाक्याला पाकीटच मिळते. परंतु त्या काळी अनेक कचेऱ्यांची ई-मेल पेटी उघडण्याची पद्धत उघड्या पोस्टकार्डाची होती. पेटीला जोडताना संगणक अशा दोन ओळी साध्या अक्षरांत पाठवत असे:

```
USER naav
PASS gupt-shabd
```

या दोन ओळी तीन पापुद्र्यांत गुंडाळून सुरक्षितपणे निर्गम-नाक्यापर्यंत आल्या, आणि तेथे एगरस्टाडच्या डोळ्यांपुढे उघड झाल्या. कोण पाठवत आहे हे त्याला दिसत नव्हते. पण खात्याचे नावच मजकुरात लिहिलेले असल्यावर पाठवणाऱ्याचा क्रमांक हवा कोणाला?

या प्रकरणाचा एक पदर फारसा सांगितला जात नाही. वकिलातींचे कर्मचारी खरोखर टॉर वापरत होते काय? एगरस्टाडला पुढे शंका आली की तसे नसावे. ही खाती आधीच कोणीतरी फोडली होती, आणि तो चोर आपला माग लागू नये म्हणून टॉरमधून ती वाचत होता. मला हा तर्क पटण्याजोगा वाटतो. तसे असेल तर टॉरने चोराला नीट लपवले आणि चोरीचा माल मात्र चव्हाट्यावर मांडला.

त्यानंतर जगातील बहुतेक संकेतस्थळांनी पाकीट बंद करण्याची पद्धत स्वीकारली. तरी निर्गम-नाक्यावरचा धोका संपला नाही. २०२० साली एकाच टोळीने टॉरच्या निर्गम-क्षमतेचा पाचव्या हिश्श्याहून मोठा भाग काही काळ हाती घेतला होता. ती टोळी काही संकेतस्थळांच्या बाबतीत `https` कडे जाणारी वाट अडवून वापरणाऱ्याला उघड्या `http` वरच ठेवत असे. पाकीट फोडता येत नाही, तर पाकीट घालूच द्यायचे नाही, असा हा डाव. जुलै २०२२ मधील टॉर ब्राउझरच्या ११.५ या आवृत्तीपासून संगणकावर तो मुळातच बंद पाकिटाचा आग्रह धरतो, आणि ते शक्य नसेल तर पान उघडण्यापूर्वी थांबून इशारा देतो. हा इशारा आल्यावर ‘पुढे चला’ हे बटण दाबणे म्हणजे आपला मजकूर अनोळखी नाकेदाराच्या हाती देणे होय. पासवर्डाच्या पानावर तर ते कदापि दाबू नये.

हे झाले निर्गमाच्या टोकाचे. दुसऱ्या टोकाची कथा १६ डिसेंबर २०१३ ची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्या सकाळी बाँब ठेवल्याच्या धमकीचे ई-मेल आले. इमारती रिकाम्या केल्या गेल्या. पत्रे एका तात्पुरत्या ई-मेल सेवेतून आली होती आणि त्या सेवेपर्यंत पाठवणारा टॉरमधून पोचला होता. सेवेच्या नोंदीत एका निर्गम-नाक्याचा क्रमांक होता. तेथे माग संपला. तपास करणाऱ्यांनी मग टॉर फोडण्याचा विचारही केला नाही. त्यांनी विद्यापीठाच्या स्वतःच्या वायरलेस जाळ्याच्या नोंदी पाहिल्या आणि विचारले: धमकी येण्यापूर्वीच्या काही तासांत येथून टॉरला कोण जोडले गेले होते? त्या जाळ्यात शिरताना प्रत्येकाला आपल्या नावाने प्रवेश घ्यावा लागत असे. एका विद्यार्थ्याचे नाव निघाले. त्याला त्या सकाळची परीक्षा चुकवायची होती. विचारपूस होताच त्याने कबूल केले.

धमकी देणाऱ्याबद्दल आपल्याला सहानुभूती असण्याचे कारण नाही. पण यंत्राच्या दृष्टीने हे उदाहरण फार बोलके आहे. टॉर तुम्ही कोठे गेलात हे लपवते. तुम्ही टॉर वापरत आहात हे लपवत नाही. नाक्यांची यादी जाहीर असते, त्यामुळे घरची कंपनी ते सहज ओळखते. हजारो लोक टॉर वापरत असतील तर या माहितीला किंमत नाही. एका आवारात, त्या तासाला मोजकेच लोक वापरत असतील तर तेवढ्याने काम भागते.

येथूनच टॉरच्या सर्वांत खोल मर्यादेकडे जाता येते. जो पहारेकरी दोन्ही टोके एकाच वेळी पाहू शकतो त्याला पापुद्रे सोलण्याची गरजच नाही. भिलाईहून ठीक नऊ वाजून दोन मिनिटांनी पुड्यांचा एक लोंढा निघाला, आणि क्षणार्धात तेवढाच लोंढा अमुक संकेतस्थळाकडे बाहेर पडला. असे पाच-दहा वेळा जुळले की संशयाला जागा उरत नाही. टॉर वेगाने चालावे, पान काही सेकंदांत उघडावे, म्हणून ते पुड्या अडवून ठेवत नाही, आणि त्याची ही किंमत आहे. ती टॉरच्या रचनाकारांनी प्रथमपासून उघडपणे मान्य केलेली आहे.

ही किंमत कमी करण्याचा एक उपाय मात्र मार्मिक आहे. समजा, शत्रूच्या हाती प्रवेशाच्या वीस नाक्यांपैकी एक आणि निर्गमाच्याही वीसपैकी एक असा वाटा आहे. प्रत्येक वेळी तिन्ही नाके नव्याने निवडले तर दोन्ही टोके त्याच्या हाती पडण्याचा संभव चारशेत एक. हे थोडे वाटते. परंतु टॉर वाट सतत बदलत असते, आणि हजार वाटा झाल्या की निदान एकदा तरी सापडणे जवळजवळ ठरलेलेच. म्हणून टॉर प्रवेश-नाका काही महिने तोच ठेवते व बाकीचे दोन बदलत राहते. आता वीसपैकी एकोणीस जणांचा प्रवेश-नाका निर्मळ असतो आणि तो आहे तोवर या शत्रूला त्यांचे दुसरे टोक मिळतच नाही. विसाव्याचे नशीब खोटे. सर्वांना थोडे थोडे उघडे पाडण्यापेक्षा हे बरे, असा हा हिशेब आहे. त्यावर वाद घालता येईल, पण गणित पक्के आहे.

आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की तिन्ही साधनांपलीकडे, आपण स्वतःच नाव सांगितले तर काय? ते उघड आहे. टॉरमधून जाऊन आपल्या नेहमीच्या खात्यात प्रवेश केला की त्या संकेतस्थळाला आपण कोण ते कळते; केवळ कोठून आलो ते कळत नाही. व्हीपीएन लावला तरी ब्राउझरमधल्या जुन्या कुकी आपली ओळख देतच राहतात. टॉर ब्राउझर बंद करताना आपल्या कुकी पुसतो आणि सर्वांची खिडकी ठरावीक मापांतच ठेवतो, म्हणून त्यात निराळे सामान जोडू नये. इतरांहून वेगळे दिसणे हाच तेथे माग होतो.

टॉर वापरतो हेही लपवावयाचे असेल त्यांच्यासाठी ‘पूल’ नावाची सोय आहे. पूल म्हणजे जाहीर यादीत नसलेला प्रवेश-नाका, आणि बहुधा तो वाहतुकीला दुसरेच सोंग देतो. ‘स्नोफ्लेक’ हा पूल तिला चित्र-संभाषणासारखे रूप देतो. टॉर ब्राउझरच्या जोडणीच्या मांडणीत तो निवडता येतो. पुलाने वेग कमी होतो. व्हीपीएन लावून मग टॉर उघडणे हाही एक मार्ग आहे. त्याने घरच्या कंपनीला टॉर दिसत नाही; व्हीपीएन कंपनीला दिसते.